सगळंच ठळक केलं तर मुनीमजींनी वाचायचं काय?

*ताई, नमस्कार. मी कारंजा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशोब आणि पत्रव्यवहार पाहतो. फेब्रुवारीत अकोल्याच्या एका दालमिलला आम्ही १५० क्विंटल तूर दिली. गाडी गुरुवारी सकाळी ११ च्या आत पाठवा, असं मेलमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं. शुक्रवारी आमच्या गावचा बाजार असतो, गोदामाच्या रस्त्यावर दुकानं लागतात, हमालही मिळत नाहीत. गाडी आली शुक्रवारी. दिवसभर फाट्यावर उभी राहिली आणि हॉल्टिंग आमच्या माथी आलं. फोन केला तर मिलचे मुनीमजी म्हणाले, "भाऊ, तुमच्या मेलमधी सगळंच जाड होतं, मंग पाहाव काय?" ट्रेनिंगमध्ये तर सांगितलं होतं की पॉइंट पाडा, हेडिंग द्या, महत्त्वाचं बोल्ड करा. तेच केलं. आता आमचे अध्यक्ष म्हणतात, पुढच्या वेळी तारीख लाल रंगात टाक. टाकू का? मेल सोबत जोडला आहे.*

भाऊ, लाल रंग टाकू नका. मुनीमजींनी जे सांगितलं ते तक्रार म्हणून घेऊ नका, तुमच्या मेलचं त्याहून नेमकं निदान मलाही करता आलं नसतं.

तुमचा मेल मी मुद्दाम फोनवर उघडला, कारण मिलमध्येही तो फोनवरच वाचला गेला असणार. त्यात बारा ठिकाणी ठळक अक्षरं आहेत, पाच शीर्षकं आहेत आणि चौदा बुलेट आहेत. आता एक करून पाहा. बाकी सगळं सोडून फक्त ठळक तेवढं ओळीने वाचा. तुमच्या मेलमधलं मी तसंच्या तसं उतरवते:

> मालाचा तपशील – तूर – १५० क्विंटल – ७,८०० रुपये – अटी – १२ टक्के – कपात – बारदाना – वाहतूक – गुरुवारी सकाळी ११ च्या आत – पेमेंट – महत्त्वाची सूचना

ही यादी वाचून मुनीमजींनी नेमकं काय करायचं? काहीच कळत नाही. गुरुवार त्यात आहे, पण तो दहावा आहे, आणि त्याच्या आधीच्या नऊ ठळक शब्दांनी काहीही करायला सांगितलेलं नाही. तिथपर्यंत पोचेस्तोवर डोळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं की या मेलात जाड अक्षराला काही अर्थ नाही. त्यातही शेवटचं पाहा. "महत्त्वाची सूचना" हे दोन शब्द तुम्ही ठळक केलेत आणि खुद्द सूचना मात्र साध्या अक्षरात ठेवलीत. हे फार ठिकाणी होतं. लोक "टीप", "कृपया लक्ष द्या" असल्या पाट्या जाड करतात आणि ज्याकडे लक्ष द्यायचं ते बारीक राहतं.

ठळक अक्षराचं बळ त्याच्या जाडीत नसतं, ते शेजारच्या साध्या अक्षरांत असतं. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली हे प्रयोगातून मांडलं. एकसारख्या गोष्टींच्या रांगेत एकच वेगळी ठेवली तर ती जास्त लक्षात राहते, आणि ही बढत तिला रांग एकसारखी असल्यामुळे मिळते. रांगेतल्या निम्म्या गोष्टी वेगळ्या केल्या की वेगळेपणच संपतं. लग्नात मांडवातल्या प्रत्येकाला मानाचा फेटा बांधला, तर व्याही कोणते हे विचारूनच घ्यावं लागतं.

म्हणून पहिला प्रश्न असा की बारापैकी एक कोणतं ठेवायचं. इथे ट्रेनिंगमधलं "महत्त्वाचं बोल्ड करा" हे वाक्य माणसाला फसवतं, असं माझं स्पष्ट मत आहे. धंद्याच्या मेलात सगळंच महत्त्वाचं असतं. भाव महत्त्वाचा नाही का? आहेच. पण ७,८०० रुपये हा भाव तुम्ही आणि शेठजींनी फोनवर घासाघीस करून ठरवलेला आहे. तो ते विसरणार नाहीत, तुम्हीही नाही. १५० क्विंटल हा आकडाही दोघांना पाठ आहे. तूर आहे हे तर सांगायलाही नको. या गोष्टी मेलात लिहायला हव्यात, कारण उद्या वाद झाला तर लेखी असावं. पण त्या ठळक करून वाचणाऱ्याला नवीन काही मिळत नाही.

ठळक करायची ती गोष्ट वेगळी. वाचणाऱ्याला जी आधी माहीत नाही, जी त्याच्या नेहमीच्या सवयीच्या विरुद्ध आहे, आणि जी चुकली तर माल किंवा पैसा अडकतो, ती. तुमच्या गावचा बाजार शुक्रवारी असतो हे अकोल्यात कोणाला ठाऊक असणार? मिलला गाडी गुरुवारी काय आणि शुक्रवारी काय, सारखीच. फरक फक्त तुमच्याकडे पडतो, आणि तो त्यांना आपोआप कळण्याचा काही मार्ग नाही. त्या मेलात ठळक अक्षराचा खरा हक्क एवढ्या एका गोष्टीला होता.

तुम्ही म्हणाल, ॲडव्हान्सचं काय? २५ टक्के रक्कम गाडी भरण्याआधी खात्यात आली पाहिजे, हीही अट होतीच. पण ती चुकली तर काय झालं असतं याचा विचार करा. गाडी भरताना तुम्ही खातं पाहिलं असतं, रक्कम नसती तर फोन केला असता, दोन तास गेले असते. ती चूक तुमच्या हातात सुधारता येण्यासारखी आहे. गाडी चुकीच्या दिवशी निघाली तर ती तुमच्या हातात राहत नाही. दोन गोष्टी ठळक व्हायला भांडत असतील तेव्हा मी असंच तोलते: कोणती चूक फोनवर निस्तरता येते? ती साध्या अक्षरात राहू द्यावी.

आता तुमचा मेल तुमच्या हातून सुटल्यावर कुठे कुठे गेला ते पाहू. तो मिलच्या पत्त्यावर पोचला. शेठजींनी किंवा मुनीमजींनी फोनवर इनबॉक्स उघडला तेव्हा त्यांना दिसलं ते पाठवणाऱ्याचं नाव, विषयाची ओळ आणि पहिल्या ओळीतले चार-सहा शब्द. या यादीत मजकुराचा ठळकपणा दिसतच नाही. तुमची विषयाची ओळ होती "तूर विक्रीबाबत" आणि पहिली ओळ होती "आपल्याशी झालेल्या दूरध्वनी संभाषणानुसार". म्हणजे गुरुवारचा पत्ता नाही. पुढे मुनीमजींनी त्यातला वाहतुकीचा भाग कॉपी करून व्हॉट्सॲपवर ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवला असेल, त्याने ड्रायव्हरला. एका ॲपमधून दुसऱ्यात मजकूर चिकटवला की जाड अक्षर बहुतेक वेळा वाटेतच गळून पडतं, बुलेटच्या जागी कधी चांदणी येते, कधी सगळ्या ओळी एकमेकींना चिकटतात. ज्याला गुरुवारी निघायचं होतं त्या ड्रायव्हरपर्यंत तुमचं ठळक अक्षर बहुधा पोचलंच नाही.

यावर उपाय शब्दांतच करावा लागतो. तुमच्या मेलात "गुरुवारी सकाळी ११ च्या आत" हा तुकडा "वाहतूक" या शीर्षकाखाली बुलेट म्हणून एकटा होता, आणि बाजाराचं कारण चार ओळी खाली, "महत्त्वाची सूचना" मध्ये. दोघांची ताटातूट झाली. नुसती वेळ वाचणाऱ्याला वाटतं, ठीक आहे, गुरुवार नाही जमला तर शुक्रवार. कारण सोबत असेल तर तो असं धरून चालत नाही. "शुक्रवारी गावचा बाजार असल्याने गाडी गोदामापर्यंत येऊ शकत नाही" हे वाक्य कॉपी होऊन कुठेही गेलं, जाडपणा गळाला, तरी त्याचा अर्थ शाबूत राहतो. जे ठळक करणार आहात ते ठळक न करताही कळेल असं आधी लिहा. मग ठळक करा.

आणि तारीख विषयाच्या ओळीत आणा. ती ओळ इनबॉक्समध्ये दिसते, उत्तर देताना टिकते, शोधताना सापडते.

बुलेटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे तुमचं दुसरं नुकसान होता होता राहिलंय. तुमच्या "अटी" खाली हे होतं:

> • मॉइश्चर १२ टक्के
> • जास्त असल्यास कपात
> • बारदाना आपला
> • नसल्यास आमचा, दर वेगळा
> • काटा आमचा
> • फरक आल्यास कळवावे

दुसरा बुलेट पहिल्याशिवाय वाचता येत नाही, चौथा तिसऱ्याशिवाय नाही. "जास्त असल्यास" म्हणजे काय जास्त? कपात किती? "दर वेगळा" म्हणजे तुरीचा की कट्ट्याचा? तुम्हाला हे डोक्यात स्पष्ट आहे, म्हणून ओळी पुऱ्या वाटल्या. बुलेट टाकला की "जर", "तर", "म्हणून", "नाहीतर" हे शब्द गळतात, आणि सौद्यातली अट तर नेमकी याच शब्दांत असते. वाद होतो तो तिथेच होतो. अशी अट अखंड वाक्यातच लिहावी: "मॉइश्चर आमच्या गोदामात गाडी भरण्याआधी तुमच्या माणसासमोर मोजू, १२ टक्क्यांच्या वर निघालं तर प्रत्येक जादा टक्क्यामागे क्विंटलला एक किलो वजन कमी धरू." आता यात विचारायला काही उरत नाही.

मग बुलेट कुठे शोभतात? जिथे गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, कोणतीही आधी वाचली तरी चालते, आणि वाचणारा एकेक करून हातावेगळी करणार आहे. ड्रायव्हरने सोबत काय आणायचं, ही तशी यादी आहे. तीन वस्तू, तिन्ही स्वतंत्र, निघताना मोजून घ्यायच्या. तिथे बुलेट द्या. एकाच वस्तूची यादी करू नये, दोन असतील तर "आणि" पुरतो. आणि क्रम महत्त्वाचा असेल, किंवा पुढे फोनवर "तिसऱ्या मुद्द्याबद्दल बोलतोय" असं म्हणायची वेळ येणार असेल, तर बुलेटऐवजी आकडे घाला.

शीर्षकांचं लवकर उरकते. तुमचा मेल वीस-बावीस ओळींचा, त्यात पाच शीर्षकं, म्हणजे दर तीन-चार ओळींना एक पाटी. फोनच्या पडद्यावर पाट्याच जास्त दिसत होत्या. मेल लांबलचक असेल आणि त्यातला एक भाग हिशोबनीस वाचणार, दुसरा गोदामवाला, तेव्हाच शीर्षकाचा उपयोग होतो, कारण तेव्हा माणूस आपला भाग शोधत असतो. अख्ख्या हंगामाच्या अटी पाठवायच्या असतील तर शीर्षकं जरूर द्या, पण ते कागद म्हणून जोडा आणि मेल छोटा ठेवा. तिथेही "अटी", "तपशील" असं मोघम नको. "बारदाना कोणाचा", "मॉइश्चर जास्त निघालं तर" असं लिहा, म्हणजे शीर्षक वाचूनच आत काय ते समजतं.

तुमचाच मेल मी नव्याने लिहून पाहिला. आकडे आणि अटी सगळ्या तुमच्याच आहेत, अर्धवट होत्या तिथे तुमच्या सौदापत्रातून पुऱ्या केल्या.

> विषय: गाडी गुरुवार १२ फेब्रुवारी, सकाळी ११ पूर्वी: तूर १५० क्विंटल
>
> नमस्कार शेठजी,
>
> तुरीसाठी गाडी **गुरुवारी, १२ फेब्रुवारीला, सकाळी ११ च्या आत आमच्या गोदामात** पोचेल अशी पाठवावी. शुक्रवारी गावचा बाजार असल्याने गोदामाचा रस्ता बंद असतो आणि हमाल मिळत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी आलेली गाडी भरता येणार नाही.
>
> ठरल्याप्रमाणे तूर १५० क्विंटल, दर क्विंटलला ७,८०० रुपये, एकूण ११,७०,००० रुपये. यातले २५ टक्के, म्हणजे २,९२,५०० रुपये, गाडी भरण्याआधी खात्यात जमा करावेत. बाकी रक्कम माल मिळाल्यावर तीन दिवसांत.
>
> मॉइश्चर आमच्या गोदामात गाडी भरण्याआधी तुमच्या माणसासमोर मोजू. १२ टक्क्यांच्या वर निघालं तर प्रत्येक जादा टक्क्यामागे क्विंटलला एक किलो वजन कमी धरू. वजन आमच्याकडच्या काट्यावरचं धरायचं आहे. तुमच्या काट्यावर फरक आला तर माल उतरवण्याआधी फोन करावा.
>
> ड्रायव्हरसोबत एवढं पाठवावं:
>
> • ५० किलोचे ३०० रिकामे कट्टे
> • मिलचं खरेदीपत्र
> • गाडीच्या आरसी बुकची प्रत
>
> कट्टे कमी आले तर आमचे देऊ आणि त्यांची किंमत बिलात वेगळी लावू.
>
> गाडीचा नंबर बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवावा, ही विनंती.

यात एक ठळक तुकडा आहे, तीन बुलेट आहेत आणि शीर्षक एकही नाही. ठळक तुकडा एकटा वाचला तरी पुरा अर्थ लागतो: कोणता दिवस, किती वाजेपर्यंत, कुठे. नुसतं "११" ठळक केलं असतं तर आकडा उठून दिसला असता पण काम समजलं नसतं. अख्खा परिच्छेद ठळक केला असता तर पुन्हा मूळ पदावर आलो असतो. शेवटचं वाक्य साधंच ठेवलंय, पण त्याचं काम मोठं आहे. बुधवारी संध्याकाळी गाडीचा नंबर आला नाही तर काहीतरी चुकलंय हे तुम्हाला एक दिवस आधी कळेल, आणि तेव्हा तुम्ही फोन कराल. हॉल्टिंग वाचवण्याची खरी ताकद कोणत्याही जाड अक्षरापेक्षा या ओळीत जास्त आहे.

आता रंगाचं. लाल अक्षर फोनच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे डार्क मोडमध्ये, उठून दिसण्याऐवजी मंद दिसू शकतं, आणि मुनीमजींचा फोन कसा लावलेला आहे हे तुम्हाला माहीत नाही. कॉपी केल्यावर रंगही जाडपणासारखाच गळतो. त्याहून मोठी अडचण अशी की आज तारीख लाल केली तर पुढच्या मेलात पेमेंट लाल होईल, मग मॉइश्चर, आणि हंगाम संपेस्तोवर लालचीही जाड अक्षरासारखीच गत होईल.

मराठीत मेल लिहिणाऱ्याने आणखी थोडं सांभाळायला हवं. आपल्या लिपीत ठळक अक्षर इंग्रजीपेक्षा लवकर बुजतं. "ध" आणि "घ", "भ" आणि "म" यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर असतो; लहान पडद्यावर रेघ जाड झाली की ती फट मिटत जाते. फोनमधल्या फॉन्टला खरा ठळक प्रकार नसेल तर फोन साध्या अक्षरालाच फुगवतो, मग आणखी बिघडतं. म्हणून आठ-दहा शब्दांपलीकडे ठळक मराठी नकोच. अधोरेखित तर अजिबात करू नका: खालची रेघ उकारांमधून जाते, आणि वाचणाऱ्याला ती लिंक वाटून तो तिच्यावर बोट ठेवतो. तिरकी अक्षरंही टाळा. देवनागरीत तिरक्या अक्षराची परंपरा नाही, फोन नुसतं अक्षर वाकवून दाखवतो, त्यामुळे ओळीतल्या ओळीत जोर दिल्यासारखं वाटतच नाही.

एक बारीक गोष्ट तुमच्या मेलात दिसली. मधल्या दोन परिच्छेदांचा आकार वेगळा आहे, म्हणजे ते वर्डच्या जुन्या फाइलमधून आणून चिकटवलेले असावेत. असं चिकटवताना तिकडची जाड अक्षरं आणि शीर्षकंही सोबत येतात आणि तुम्ही न ठरवता मेल रंगीबेरंगी होतो. कॉम्प्युटरवर `Ctrl+Shift+V` ने चिकटवलं तर नुसता मजकूर येतो. आधीच चिकटवलं असेल तर जीमेलमध्ये मजकूर निवडून `Ctrl+\` दाबा, सगळी सजावट निघते. माझी पद्धत अशी की मेल आधी पूर्ण साधा लिहावा, तसाच एकदा फोनवर वाचावा, आणि वाचताना जिथे समोरचा चुकेल अशी धास्ती वाटते तेवढीच जागा शेवटी ठळक करावी. धास्ती एकाहून जास्त ठिकाणी वाटली तर बहुतेक वेळा ठळक अक्षर कमी पडलेलं नसतं, वाक्याचा क्रम चुकलेला असतो. ते वाक्य वर आणलं की भागतं. आणि खरोखरच दोन वेगळी कामं दोन वेगळ्या माणसांनी करायची असतील, गाडी मुनीमजींनी आणि ॲडव्हान्स हिशोबनीसाने, तर दोन मेल करा. प्रत्येकात एक ठळक जागा राहील.

अध्यक्षांना समजावणं तुम्हाला अवघड जाणार नाही. जुना मेल आणि हा नवा, दोन्ही त्यांच्या फोनवर पाठवा आणि दोन्हींतलं ठळक तेवढंच त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. पुढच्या गाडीच्या वेळी मुनीमजींच्या फोनकडेही लक्ष असू द्या. गाडी कधी पाठवायची हे त्यांनी परत विचारलं, तर मेलात अजून काहीतरी जास्तीचं जाड आहे असं समजा आणि तो मेल मला पाठवा.